घाण्याचं तेल आणि एक मेल

नाशिकमध्ये एका बाईंनी लाकडी घाण्याच्या तेलाचं छोटं दुकान काढलं, असं धरू. शहरातल्या खाण्यापिण्याबद्दल लिहिणाऱ्या एखाद्या ब्लॉगलेखिकेने त्यावर लिहावं, ही त्यांची इच्छा. अशा वेळी बहुतेक जण लिहितात, "आमचं शुद्ध, दर्जेदार तेल आता उपलब्ध आहे. कृपया प्रसिद्धी द्यावी." सोबत दहा फोटो आणि माहितीपत्रक. असा मेल उघडला तरी मागे पडतो. दुकान उघडलं याचं अप्रूप मालकाला. वाचकाला त्यात वाचण्यासारखं काय?

वाचण्यासारखं असतं ते घाण्यापाशी. लिटरभर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. "एवढं महाग का?" या गिऱ्हाइकाच्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे डोळ्यांना दिसतं. म्हणून विषयाच्या ओळीत ‘सहकार्याची विनंती’ न लिहिता ‘अडीच किलो दाणे, एक लिटर तेल: नाशिकचा नवा घाणा’ असं लिहावं. फोनवर लांब ओळ अर्ध्यात तुटते, त्यामुळे नेमकी गोष्ट सुरुवातीलाच हवी.

पुढचा मजकूर असा असू शकतो:

"नमस्कार. फराळावरच्या लेखात तुम्ही तळणीच्या वासाबद्दल लिहिलं होतं, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. गेल्या महिन्यात मी लाकडी घाणा सुरू केला. मंगळवारी सकाळी आठला दाणे टाकतो. तेल सुटताना आणि पेंड निघताना बघता येईल. गाळ खाली बसायला तेल दोन-तीन दिवस ठेवतो, तेही दाखवीन. फोटोंची लिंक खाली आहे. येणं जमेल का?"

एवढं पुरे. पहिलं वाक्य मात्र खरंच लेख वाचून लिहिलेलं हवं. तोच मेल नाव बदलून वीस जणांना गेला, की ते लगेच कळतं. फोटो जोडण्यापेक्षा लिंक बरी. जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठी जोडणी तशीही जात नाही.

तेलाने कोलेस्टेरॉल उतरतं, असं काही लिहू नये. तो दावा सिद्ध करायची जबाबदारी लिहिणाऱ्यावरही येते, आणि जाणती लेखिका त्या एका वाक्यापायी अख्खा विषय सोडून देते.

भेटीचंही तसंच. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१च्या नियमांनुसार फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल लिहितानाही ते वाचकांना सांगावं लागतं. म्हणून बाटली द्यायची असेल तर मेलमध्येच स्पष्ट लिहावं: "एक बाटली भेट देईन, लिहिण्याची अट नाही; लिहिलंत तर भेटीचा उल्लेख जरूर करा." लेख छापण्याआधी दाखवा, अशी मागणी करू नये. पैसे देऊन मजकूर हवा असेल तर ती जाहिरात झाली. तिचा दर वेगळा विचारावा.

आठवड्याभरात उत्तर आलं नाही, तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवावी, शक्यतो पुढच्या मंगळवारची वेळ देऊन. त्यानंतरही शांतता असेल, तर दुसऱ्या लेखिकेचे लेख वाचायला घ्यावेत.