कागदावरचे शेअर, खिशातला कर

पुण्यातल्या एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने एका इंजिनिअरला पगारासोबत 1,000 स्टॉक ऑप्शन दिले, असं धरू. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे. ठरलेल्या भावात पुढे शेअर घेण्याचा तो हक्क. इथे तो भाव, म्हणजे एक्सरसाइज प्राइस, 10 रुपये.

हा हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होतो, त्याला व्हेस्टिंग म्हणतात. कायद्याने पहिलं वर्ष थांबावंच लागतं. आपल्या उदाहरणात दरवर्षी 250 ऑप्शन पक्के होतात. दोन वर्षांनी नोकरी सोडली, तर 500 हाती राहतात आणि उरलेले रद्द होतात. हे 500 वापरायला किती मुदत मिळेल, ते योजनेत लिहिलेलं असतं. राजीनाम्याआधी ते कलम नक्की वाचावं.

खरी अडचण पुढे आहे. मर्चंट बँकरने शेअरची किंमत 400 रुपये ठरवली, तर शेअरसाठी 5,000 रुपये भरावे लागतात. शिवाय 390 रुपयांच्या फरकाने होणारे 1,95,000 रुपये पगाराचं उत्पन्न धरले जातात. तीस टक्क्यांच्या टप्प्यात कर साधारण 58,500, वर सेस. कंपनी बाजारात नोंदलेली नसल्याने शेअर विकून हा कर भागवता येत नाही. काही पात्र स्टार्टअपनाच तो लांबवण्याची सवलत आहे.

योजनेला भागधारकांची मंजुरी लागते. प्रायव्हेट कंपनीला सहसा साधा ठराव पुरतो, पब्लिक कंपनीला विशेष. म्हणून ऑफर लेटरवर विसंबू नका. मंजूर योजना आणि ग्रँट लेटर मागून घ्या.