दादाच्या लग्नात धाकटीची तीन मिनिटं

मराठी लग्नात नवरदेवाच्या बहिणीला तोंड उघडायला मुभा पहिल्यापासून आहे. करवली म्हणून ती मिरवते, एखादीला हौस असेल तर स्वतः रचलेली मंगलाष्टका म्हणते. अनेक घरांत तर नवं जोडपं उंबरठ्याशी आलं की ती दार अडवते आणि ‘तुझी मुलगी माझ्या मुलाला देशील ना?’ असं भावाकडून कबूल करून घेते. पण हे सगळं ठरलेलं असतं. आपला भाऊ माणूस म्हणून कसा आहे, हे तिने चारचौघांत सांगायची प्रथा आपल्याकडे नव्हती. ती आता अमेरिकेतल्या मराठी लग्नांतून आणि पुण्या-मुंबईच्या संगीताच्या कार्यक्रमांतून ‘टोस्ट’च्या रूपाने आली आहे. पाहुणे बसलेले असताना जवळचं कुणीतरी उभं राहतं, दोन-तीन मिनिटं बोलतं आणि शेवटी जोडप्याच्या सुखासाठी पेला उंचावतं. सगळे एक घोट घेतात. ज्यांच्यासाठी पेला उंचावला, त्यांनी मात्र तेव्हा प्यायचं नाही, असा मूळचा शिष्टाचार आहे.

धाकट्या बहिणीचं भाषण मित्राच्या भाषणापेक्षा वेगळं असतं. मित्राला दादा कॉलेजपासून माहीत असतो. बहिणीने त्याला अर्ध्या चड्डीत पाहिलेलं असतं. त्याची थट्टा करायचा तिचा हक्क कुणी नाकारत नाही, आणि धोकाही तिथेच आहे. आठवणी इतक्या असतात की ती पाच-सहा किस्से एकामागे एक सांगत सुटते. घरचे हसतात, बाकीचा हॉल ताटाकडे बघू लागतो. म्हणून पहिलं काम निवडीचं. दादाची एकच सवय घ्यायची. ती हसण्यासारखी हवी, पण उलटून पाहिली की तिच्यामागे एखादा गुण दिसायला हवा. विसराळूपणा, कंजूषपणा, घाई, सगळ्यांत नाक खुपसणं, यांतलं काहीही चालेल. ज्या सवयीमागे गुण सापडत नाही, ती सोडून द्यावी.

समजा, दादाला सगळीकडे वेळेआधी पोचायची खोड आहे. मग सुरुवात अशी करता येईल: “नमस्कार. मी नवरदेवाची धाकटी बहीण. आज मुहूर्त वेळेवर लागला याचं काही जणांना आश्चर्य वाटलं असेल. आम्हाला नाही वाटलं. दादा सकाळपासून तयार होऊन बसला होता. गुरुजी नंतर आले.” ओळख आणि पहिलं हसू चार-पाच वाक्यांत झालं. यानंतर एकच प्रसंग, तपशिलासकट: “गावाला जायचं म्हणजे दादा आम्हाला गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर उभं करायचा. एकदा फलाटावर गाडी आली, आम्ही धावत चढलो, बॅगा लावल्या. मग कळलं की ही आमची गाडी नाहीच, आमच्या आधीची आहे आणि ती तीन तास उशिरा आली आहे.” हा किस्सा दादाला न ओळखणाऱ्यालाही कळतो, कारण स्टेशन सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ‘पिंट्याच्या गच्चीवरचा तो प्रकार’ अशा घरगुती खुणांना हॉलमध्ये फक्त सातजण हसतात.

आता सवय उलटवायची: “माझ्या बारावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तो एकटा केंद्रावर जाऊन आला. कुठल्या दाराने आत जायचं, पाणी कुठे आहे, सगळं बघून आला. तेव्हा मी चिडले होते. आता कळतं, वेळेआधी जाऊन तो माझी वाट सोपी करत होता.” इथे रडू येण्याची शक्यता असते, म्हणून ही वाक्यं लहान ठेवावीत. त्याग, आधारवड, दुसरा बाप असे मोठे शब्द टाळावेत. आदल्या दिवशी केंद्र बघून येण्यात सगळं आलंच.

मग वहिनी. भाषण भावावर असलं तरी ते सर्वांत लक्ष देऊन ऐकणारी व्यक्ती तीच असते, आणि बहुतेक भाषणं इथेच घसरतात. ‘आम्ही सुटलो, आता तुझी पाळी’ हा हमखास विनोद मुलाकडच्यांना गोड वाटतो. मुलीच्या आईला मात्र त्यातून आपल्या मुलीवर पडणारं काम ऐकू येतं. जुन्या मैत्रिणी, मुली पाहण्याचे कार्यक्रम, पगार, वजन हे विषयही नकोत. दादाने विश्वासाने सांगितलेलं तर अजिबात नको. त्याऐवजी तीच सवय वहिनीपर्यंत न्यावी: “हा माणूस आयुष्यात एकदाच घरी उशिरा आला. आईने तीन फोन केले, बाबा गेटपर्यंत जाऊन आले. साडेदहाला आला आणि म्हणाला, ‘वेळ कळलाच नाही.’ त्या संध्याकाळी तो वहिनीला पहिल्यांदा भेटला होता. वहिनी, दादाला घड्याळ विसरायला लावणारी तू पहिलीच. त्याला असंच अधूनमधून उशीर करायला लाव.” थट्टा दादाचीच झाली, मान वहिनीला मिळाला. शेवटचं वाक्य फक्त कृतीचं: “चला, दोघांसाठी पेले उचलूया.” त्यानंतर एक शब्दही नको.

एवढं सगळं लिहिलं तर मजकूर 300 शब्दांच्या आतच राहतो. सावकाश बोललं की त्याला जेमतेम तीन मिनिटं लागतात आणि हशा धरून चार. पाठ करण्यापेक्षा जाड कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावं. मोबाइलचा पडदा नेमका तेव्हाच विझतो. दादाला न ओळखणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला आधी वाचून दाखवावं. ‘हा कोण?’ असं तिने विचारलं, तर ते वाक्य कापावं. परदेशात निम्मे पाहुणे अमराठी असतील तर प्रत्येक वाक्य दोन भाषांत म्हणू नये, त्याने विनोद जागीच मरतो. भाषण इंग्रजीत करावं आणि आजीसाठी एक वाक्य मराठीत ठेवावं.

जागाही नीट निवडायला हवी. आपल्याकडच्या रिसेप्शनला जोडपं मंचावर उभं असतं, आहेराची रांग हलत असते आणि उरलेले जेवत असतात. अशा गर्दीत कुणीच ऐकत नाही. आदल्या संध्याकाळी संगीताला सगळे बसलेले असतात, किंवा लग्नानंतर घरच्या पंगतीत नवरा-नवरी एकमेकांना घास भरवून उखाणे घेतात, तेव्हा कान आपोआप तिकडे लागतात. ती वेळ साधावी. दारूची काही गरज नाही. जिलबीबरोबर आलेला मठ्ठ्याचा पेला त्याच कामाचा आहे. आणि लग्नाच्या दिवशी दादाला भाषणाचा विषय आधी कळू देऊ नका. मात्र वहिनीच्या उल्लेखाचं वाक्य तिला आदल्या दिवशी ऐकवून तिची संमती जरूर घ्या.