डाळ पाकिटात भरली, आता पेपरला प्रेसनोट कशी द्यायची?

गावातल्या बचत गटाने मिनी डाळ मिल टाकली, तूर भरडली, पाकिटं छापून आणली. आता पेपरात दोन ओळी यायला पाहिजेत. मग कुणीतरी लिहायला बसतो आणि सुरुवात होते ती 'मा. आमदार साहेबांच्या शुभहस्ते, प्रमुख पाहुणे, सरपंच, उपसरपंच...' अशी. पाऊण पान नावांतच जातं. डाळीचा पत्ता शेवटच्या ओळीत लागतो, आणि जागा कमी पडली की पेपरवाला बातमी खालूनच कापतो. नावं छापून येतात, डाळ राहते.

म्हणून पहिल्याच वाक्यात कोणी, काय, कुठे आणि कधी हे आलं पाहिजे. उद्घाटन कोणी केलं ते शेवटी, एका ओळीत.

दुसरी गडबड आकड्यात होते. समजा गटाने जानेवारी ते मार्च या काळात शंभर क्विंटल तूर भरडली. उत्साहाच्या भरात लिहिलं जातं, 'शंभर क्विंटल डाळ विक्रीचा टप्पा पार'. पण शंभर क्विंटल तुरीची शंभर क्विंटल डाळ होत नाही. मिनी मिलवर साधारण सत्तर-बहात्तर क्विंटलच्या आसपास डाळ पडते, बाकी चुणी आणि टरफल जनावरांच्या खाद्यात जातं. त्यातही भरडलेली वेगळी, विकलेली वेगळी. तालुक्यात तूर पिकवणारे हजारो लोक ही बातमी वाचणार, त्यांच्या हे लगेच ध्यानात येतं. एक आकडा खोटा दिसला की बाकीची बातमीही कुणी खरी मानत नाही. त्यामुळे खरेदीची वही आणि बिलबुक समोर ठेवूनच आकडे लिहावेत.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. 'सेंद्रिय' हा शब्द सहज लिहिला जातो. चाळीस-बेचाळीस शेतकऱ्यांची तूर एकत्र भरडली असेल, त्यातल्या निम्म्यांनी अळीसाठी फवारणी केली असेल, तर ती डाळ सेंद्रिय नाही. प्रमाणपत्र हातात नसेल तर तो शब्द टाळलेला बरा. 'बिनपॉलिशची' म्हणा, ते खरं आहे आणि गिऱ्हाईकाला तेच हवं असतं. 'साखरेचा आजार बरा होतो' असलं तर अजिबात लिहू नये. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पाकिटावरचा अन्न नोंदणीचा १४ आकडी नंबर म्हणजे धंद्याची नोंद, तो काही सरकारने दिलेला पुरस्कार नव्हे. 'शासनाने गौरवलेली डाळ' असा त्याचा अर्थ लावू नये.

एवढं सांभाळलं तर प्रेसनोट साधारण अशी होते. आकडे नमुन्याचे आहेत:

'(गावाचे नाव), ता. १० : येथील (गटाचे नाव) महिला बचत गटाने मिनी डाळ मिलवर तयार केलेली बिनपॉलिशची तूरडाळ एक किलोच्या पाकिटात विक्रीस आणली आहे. गावातील ४२ शेतकऱ्यांची १०० क्विंटल तूर जानेवारी ते मार्चदरम्यान भरडण्यात आली. त्यातून ७१ क्विंटल डाळ मिळाली, पैकी ५८ क्विंटल विकली गेली. गटात ११ महिला आहेत. "तूर व्यापाऱ्याला घालायची आणि डाळ दुकानातून आणायची, हे आता थांबलं," असे अध्यक्षा (नाव) यांनी सांगितले. डाळ मंगळवारच्या आठवडी बाजारात व मिलवर मिळेल. संपर्क : (नाव, मोबाईल).'

बस, एवढंच. अध्यक्षांचं वाक्य त्या खरंच बोलल्या असतील तसंच घालावं, 'आम्हास मनस्वी आनंद होत आहे' असलं नको. विकायला डाळ किती शिल्लक आहे हेही आधी बघून ठेवावं. वरच्या नमुन्यात फक्त १३ क्विंटल उरली आहे. बातमी आली की फोन सुरू होतात, आणि 'माल संपला' ऐकलेलं गिऱ्हाईक परत फिरकत नाही.

पाठवताना लेटरहेडवर लिहून त्याचा फोटो काढून पाठवू नका. तो मजकूर कुणाला तरी परत टाईप करावा लागतो आणि घाईत मोबाईल नंबरचा एखादा आकडा चुकतो. फोनवर मराठीत टाईप करून सरळ मेसेज किंवा ईमेल करावा. फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर तो फाटत नाही. फित कापतानाच्या फोटोपेक्षा मिलवर काम करणाऱ्या बायकांचा घ्यावा, खाली डावीकडून नावं द्यावीत. दुपारपर्यंत पोचलेली नोट दुसऱ्या दिवशीच्या अंकात बसायची शक्यता जास्त. रात्री आठला पाठवून सकाळी पेपर उघडण्यात अर्थ नाही.

आणि पाकिटाचा भाव, सवलत, घरपोच सेवा असं सगळं छापून हवं असेल, तर ती जाहिरात झाली. तिचे पैसे लागतात, तो दर आधीच विचारून घ्यावा.