पंखावरच्या हवेची खोटी शर्यत

विमान का उडतं, या प्रश्नाचं एक उत्तर वर्गात, गाइडमध्ये आणि प्रदर्शनातल्या तक्त्यांवर कित्येक वर्षं फिरतं आहे. पंखाचा वरचा भाग फुगीर आणि खालचा जवळजवळ सपाट असतो. पंखाच्या पुढच्या कडेला हवा दुभंगते. वरच्या हवेला लांबचा रस्ता मिळतो, खालच्या हवेला जवळचा, आणि दोघींना मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचायचं असतं. म्हणून वरची हवा जास्त वेगानं जाते, वेग जास्त तिथे दाब कमी, आणि विमान वर उचललं जातं.

यात वरची हवा वेगानं जाते हे खरं आहे. तिथे दाब कमी असतो हेही खरं आहे. खोटं आहे ते या दोन्हींचं सांगितलेलं कारण.

गैरसमज : वरची आणि खालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचते.

का पोहोचावी? पुढच्या कडेला वेगळे झालेले हवेचे दोन कण एकमेकांना ओळखत नाहीत आणि त्यांनी पुन्हा भेटावं असा निसर्गाचा कोणताही नियम नाही. केंब्रिज विद्यापीठातले प्राध्यापक होल्गर बाबिन्स्की यांनी हे विंड टनेलमध्ये दाखवलं. पंखावरून जाणाऱ्या हवेत त्यांनी थांबून थांबून धूर सोडला. वरचा धूर मागच्या कडेला पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर निघालेला खालचा धूर बराच मागे होता. म्हणजे वरची हवा बरोबरी साधण्यापुरती नव्हे, तर त्याहून कितीतरी जास्त वेगानं जाते.

किती जास्त, ते एका खऱ्या विमानावर पाहू. सेस्ना १७२ हे चार आसनी छोटं विमान वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी जगभर वापरतात. भरलेल्या विमानाचं वस्तुमान सुमारे ११०० किलो, पंखांचं क्षेत्रफळ सुमारे १६.२ चौरस मीटर. वेग सेकंदाला ६० मीटर धरू, म्हणजे ताशी २१६ किलोमीटर. विमानाचं वजन साधारण १०,७८० न्यूटन झालं. त्याला क्षेत्रफळानं भागलं की कळतं, पंखाच्या खालच्या आणि वरच्या दाबांत सरासरी ६६५ पास्कलचा फरक हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल असतो. त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरकावर हे विमान तरंगतं!

आता ‘लांबचा रस्ता’ तपासू. अशा पंखात वरचा रस्ता खालच्यापेक्षा फार तर दोनेक टक्के लांब असतो. शर्यतीची गोष्ट खरी असती तर खालची हवा ६० आणि वरची ६१.२ मीटर प्रतिसेकंद वेगानं गेली असती. बर्नोलीच्या सूत्रानुसार दाबातला फरक म्हणजे हवेच्या घनतेची निमपट गुणिले दोन्ही वेगांच्या वर्गांतला फरक. घनता १.२ किलो प्रति घनमीटर घेतली तर उत्तर येतं सुमारे ८७ पास्कल. एवढ्या फरकानं सुमारे १४४ किलो उचलले जातील. दोन माणसं कशीबशी निघतील, विमान जमिनीवरच राहील. ६६५ पास्कल मिळवायचे तर वरच्या हवेचा सरासरी वेग ६८ ते ६९ मीटर प्रतिसेकंद लागतो, म्हणजे दोन नव्हे, चौदा टक्के जास्त.

गैरसमज : हवा आधी वेग घेते आणि त्या वेगामुळे दाब कमी होतो.

इथे खरी गंमत आहे, आणि ती कळायला नववीच्या पुस्तकातला न्यूटनचा दुसरा नियम पुरतो. बलाशिवाय वेग बदलत नाही. मग वरच्या हवेला पुढे ढकलणारं बल कुठून आलं?

गोफण आठवा. दगड गोल फिरत राहावा म्हणून दोरी त्याला सतत आतल्या बाजूला ओढते. पंखाच्या फुगवट्यावरून वळत जाणाऱ्या हवेलाही आतल्या, म्हणजे पंखाच्या बाजूला लोटणारं बल हवं. हवेला दोरी नसते, तिला फक्त दाब ढकलू शकतो. तेव्हा हवा वळते आहे याचाच अर्थ असा, की वर दूरवर दाब नेहमीचा आहे आणि पंखालगत तो कमी आहे. हवा न वळता सरळ निघून गेली असती तर पंखामागे पोकळी पडू लागली असती, तिथला दाब घटला असता आणि आजूबाजूच्या दाबानं हवा परत पंखाकडे ढकलली गेली असती.

आता समोरून येणारा हवेचा एक कण घ्या. त्याच्या मागे नेहमीचा दाब, पुढे फुगवट्यावरचा कमी दाब. मागून जोर जास्त, पुढून अडथळा कमी, म्हणून तो कण वेग घेतो. फुगवटा ओलांडून मागच्या कडेकडे गेला की दाब पुन्हा वाढत जातो आणि तो मंदावतो. म्हणजे कमी दाबाच्या जागेत शिरताना हवेचा वेग वाढतो. वेग आणि दाब यांचा हिशेब बर्नोलीनं १७३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हायड्रोडायनॅमिका’ या ग्रंथात मांडला. तो हिशेब अचूक आहे, पण हवा का वळली हे तो सांगत नाही.

गैरसमज : कागदाच्या पट्टीवर फुंकर मारली की ती उचलली जाते, हाच पुरावा.

पट्टी खालच्या ओठाशी धरली की पुढचं टोक वाकून लोंबतं, वरून फुंकर मारली की ते वर येतं. प्रयोग चांगला आहे, पण ‘फुंकरीची हवा वेगवान, म्हणून तिचा दाब कमी’ हे स्पष्टीकरण चुकीचं आहे. तोंडाबाहेर पडलेल्या हवेचा दाब खोलीतल्या हवेइतकाच असतो. तिला वेग फुप्फुसांनी दिलेला असतो. तीच पट्टी सरळ उभी लोंबत ठेवा आणि तिच्या एकाच बाजूनं वरून खाली, पट्टीला समांतर फुंका. पट्टी फुंकरीकडे उचलली जात नाही. वेग तोच आहे, फक्त वळण गेलं आहे.

गैरसमज : वरून फुगीर पंख नसेल तर विमान उडणारच नाही.

तसं असतं तर कसरतीची विमानं उलटी उडालीच नसती. एक्स्ट्रा ३०० या कसरतीच्या विमानाचा पंख वरून जितका फुगीर तितकाच खालून. दोन्ही रस्ते सारखेच, तरी ते सुलटंही उडतं आणि उलटंही. कागदाच्या विमानाचा पंख तर सपाटच असतो. महत्त्वाचा आहे तो पंखानं समोरच्या हवेशी केलेला कोन. पुढची कड थोडी वर उचलली की वरची हवा वळत खाली येते आणि खालची हवा खाली लोटली जाते. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते, हा न्यूटनचा तिसरा नियम. बर्नोली बरोबर की न्यूटन, हा वाद म्हणूनच पोकळ आहे. पंखावरचे दाब मोजा किंवा खाली गेलेल्या हवेचा संवेग मोजा, बल तेवढंच येतं. पंखाचा फुगवटा हे काम कमी कोनात आणि कमी रोधात करून देतो, एवढाच त्याचा मान.

कोन मात्र हवा तेवढा वाढवता येत नाही. छोट्या विमानांत तो साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की वरच्या हवेला एवढं वळण झेपत नाही. ती पंख सोडून भोवरे करत निघून जाते आणि वर उचलणारं बल एकदम घटतं. याला स्टॉल म्हणतात. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो. अशा वेळी खाली जाणाऱ्या विमानाचं नाक वर ओढलं तर कोन आणखी वाढतो, म्हणून शिकाऊ वैमानिकाला पहिल्यापासून उलट सवय लावतात : स्टॉल झाला की नाक खाली.