तीन घड्याळे घातलेला खेकडा

चिनी इंटरनेटवर एकेकाळी खूप फिरलेले एक मीम आहे. चित्रात तीन मनगटी घड्याळे घातलेला खेकडा आणि सोबत दोनच अक्षरे: ‘हशिए’. शब्दकोशातला अर्थ ‘नदीतला खेकडा’. मराठीत तेवढेच लिहिले तर भाषांतर चुकत नाही, पण हसूही येत नाही.

ओळ मोठ्याने वाचा

चिनी भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो. ‘हशिए’मधला ‘शिए’ उतरत्या सुरात म्हटला तर नदीतला खेकडा, चढत्या सुरात म्हटला तर ‘सुसंवाद’. लिहिताना दोन्हींची अक्षरे वेगळी असतात, म्हणून नुसत्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे नाते दिसत नाही.

हू जिंताव यांच्या काळात, २००४ पासून, ‘सुसंवादी समाज’ हे चिनी सरकारचे घोषित ध्येय होते. त्याच काळात इंटरनेटवरचा नकोसा मजकूर काढून टाकला जाई. मग आपले लिखाण गायब झाले की लोक म्हणत, ‘ते सुसंवादी करण्यात आले.’ पुढे सुसंवादाच्या जागी खेकडा आला. म्हणजे हा खेकडा सेन्सॉरचा आहे.

घड्याळे कशाला?

ओळीत घड्याळांचा उल्लेखच नाही. चित्रातली जी गोष्ट ओळीने उलगडत नाही, तिथे थांबावे. ती काय आहे हे मूळ भाषेत म्हणून पाहावे. ‘तीन घड्याळे घालणे’ म्हणजे ‘दाई सान ग बियाओ’. आता फक्त क्रम बदला: ‘सान ग दाईबियाओ’, म्हणजे ‘तीन प्रतिनिधित्वे’. चिनी कम्युनिस्ट पक्षाने प्रगत उत्पादनशक्ती, प्रगत संस्कृती आणि बहुसंख्य जनतेचे हित यांचे प्रतिनिधित्व करावे, असा हा सिद्धांत हू यांच्या आधीचे नेते जियांग झेमिन यांनी २००० मध्ये मांडला होता. एका नेत्याची घोषणा खेकडा झाली आणि दुसऱ्याची त्याच्या अंगावर चढली. मला या मीमचा खरा कस इथेच दिसतो.

मराठी वाचकाचा चकवा

आपल्याकडे खेकडा म्हटले की टोपलीतले, एकमेकांचे पाय ओढणारे खेकडे आठवतात. मराठी वाचक चित्र पाहून तोच अर्थ लावेल, आणि तो इथे साफ चुकीचा आहे. मराठी श्लेष घडवून ओळ बदलावी, तर तेही जमत नाही. चित्रातला खेकडा आणि घड्याळे जागची हलत नाहीत.

मग काय लिहावे?

ओळ ‘नदीतला खेकडा’ अशीच ठेवावी. खाली एवढेच लिहावे: ‘चिनीत हा शब्द “सुसंवाद”सारखा ऐकू येतो. सुसंवादाच्या नावाने लिखाण पुसणाऱ्या सेन्सॉरला लोक खेकडा म्हणतात. “तीन घड्याळे घालणे” हे शब्द पक्षाच्या “तीन प्रतिनिधित्वे” या घोषणेसारखे ऐकू येतात.’ टीप वाचून कोणी खदखदून हसणार नाही, पण चिनी वाचक कशाला हसला हे कळेल. घड्याळांचे वाक्य मात्र जागा वाचवण्यासाठीही गाळू नका.