‘म्हणून’ कोण म्हणाले?

परवा एका विद्यार्थ्याने गैरहजेरीची चिठ्ठी आणून दिली. ‘ताप आला म्हणून काल येऊ शकलो नाही.’ वाक्य अगदी साधे आहे. मी सही केली आणि सहज विचारले, “या वाक्यात ‘म्हणून’ आहे. मग कोण म्हणाले, आणि काय म्हणाले?” मुलगा गोंधळला. ताप काही म्हणत नाही. मुलगाही काही म्हणाला नव्हता, त्याने नुसती चिठ्ठी लिहिली होती. मी शिकवतो पदार्थविज्ञान, तेव्हा हा प्रश्न माझ्या तासाला बसणारा नव्हता. पण त्याचे उत्तर मोठे रंजक आहे.

‘म्हणून’ हे रूप ‘म्हणणे’ या क्रियापदाचे आहे, याबद्दल शंका नाही. ‘जेवणे’पासून ‘जेवून’, ‘बसणे’पासून ‘बसून’, तसेच ‘म्हणणे’पासून ‘म्हणून’. अर्थ सरळ आहे : म्हणण्याची क्रिया करून. ‘मामा “उद्या येतो” म्हणून गेले’ या वाक्यात हा अर्थ शाबूत आहे. मामांनी तोंड उघडले, दोन शब्द उच्चारले आणि ते गेले.

आता ही तीन वाक्ये एकाखाली एक ठेवून पाहा.

मामा ‘उद्या येतो’ म्हणून गेले.
पाऊस येईल म्हणून मामांनी छत्री घेतली.
पाऊस पडला म्हणून सामना रद्द झाला.

पहिल्यात बोलणे आहे. दुसऱ्यात मामा ‘पाऊस येईल’ असे मोठ्याने म्हणालेही असतील किंवा नुसते मनात म्हणाले असतील; वाक्य दोन्ही प्रकारे लागते. आणि मनातले म्हणणे हेच छत्री घेण्याचे कारणही आहे. खरी गंमत या मधल्या पायरीवर घडते. ऐकणाऱ्याचे लक्ष बोलण्यावरून कारणाकडे सरकते. असे वारंवार झाले की ‘म्हणून’ या शब्दाला कारण दाखवण्याची सवय जडते, आणि मग जेथे बोलणारा कोणीच नाही अशा तिसऱ्या वाक्यातही तो जाऊन बसतो. उडी कोणीच मारलेली नसते. एकेक पायरी उतरत शब्द खाली आलेला असतो.

पण तिसऱ्या वाक्यातला शब्द आता क्रियापद उरला नाही, हे कशावरून? यासाठी प्रयोग करता येतात, आणि त्यांना प्रयोगशाळाही लागत नाही. ‘म्हणून’च्या जागी ‘सांगून’ घाला. ‘मामा “उद्या येतो” सांगून गेले’ हे चालते. ‘पाऊस पडला सांगून सामना रद्द झाला’ हे कानाला लगेच खटकते. दुसरा प्रयोग : शब्दाच्या आधी ‘मोठ्याने’ घाला. मामांच्या वाक्यात ते बसते; सामन्याच्या वाक्यात हसू येते. तिसरा प्रयोग : ‘जेवून शाळेत गेला’ यात जेवणारा आणि जाणारा बहुधा एकच असतो. ‘पाऊस पडून रस्ते खराब झाले’ अशीही वाक्ये आहेत, हे कोणी शिक्षक लगेच दाखवतील, आणि ते बरोबरच आहे. पण तेथेही पडणारा पाऊस वाक्यात हजर असतो. सामन्याच्या वाक्यात म्हणणारा कोणीच हजर नाही, आणि त्याची उणीवही भासत नाही.

म्हणजे क्रियापदाचे जे हक्क असतात, कर्ता बाळगण्याचा, क्रियाविशेषण घेण्याचा, काळ बदलण्याचा, ते या शब्दाने एकेक करून सोडले. अर्थ फिका पडला आणि त्याबदल्यात वाक्ये जोडण्याचे काम मिळाले. याला भाषाशास्त्रात व्याकरणीकरण म्हणतात. आंत्वान मेये या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१२ साली एका लेखात ही संज्ञा वापरली.

अर्थ झिजतो तसा आवाजही झिजतो. ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० साली, हाच शब्द ‘म्हणौनि’ असा येतो, आणि ‘यास्तव’ या अर्थाने वारंवार येतो. तेव्हा कारण दाखवण्याचे काम त्याला सात शतकांपूर्वीच लागले होते. ‘म्हणौनि’ची अक्षरे मोजा : म्ह, णौ, नि, अशी तीन. आजचा ‘म्हणून’ उच्चारून पाहा : म्ह, णून, असे दोनच ठोके पडतात. आणि खेड्यापाड्यांतून ‘म्हून’ ऐकू येते, तो एकच ठोका. ‘म्हून’ म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवून हसण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती अजिबात पटत नाही. शहरी ‘म्हणून’ हाही ‘म्हणौनि’ झिजूनच झालेला आहे. एका पायरीचा काय तो फरक.

झीज का होते? जो शब्द फार वेळा येतो आणि येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळते, तो स्पष्ट उच्चारण्याची गरज बोलणाऱ्याला वाटत नाही. त्यावर जोरही नसतो. वाक्यातली नवी बातमी पाऊस आणि सामना यांत असते. ‘म्हणून’ गुळगुळीत झाला तरी समजायचे ते समजते. शेजारच्या हिंदीतले ‘में’ घ्या. संस्कृत ‘मध्ये’ म्हणजे मध्यभागी. प्राकृतात त्याचे ‘मज्झे’ झाले, आणि पुढे झिजत झिजत एकाक्षरी ‘में’ उरले. आता त्यात मध्यभाग राहिला नाही, नुसता ‘आत’ राहिला.

मात्र जुना अर्थ पूर्ण पुसला जातो असे नाही. ‘त्याला चोर म्हणून पकडले’ हे वाक्य नीट ऐका. तो चोर होता का? वाक्य तसे सांगत नाही. पकडणाऱ्यांनी त्याला चोर म्हटले, एवढेच ते सांगते. म्हणण्याची ही पुसट सावली शब्दात अजून आहे. बातमी वाचताना ती ध्यानात न घेतल्यास निर्दोष माणूस चोर ठरतो! उलट ‘ती शिक्षिका म्हणून काम करते’ यात ही सावलीही जवळजवळ गेली आहे. ती शिक्षिका आहेच. एकाच शब्दाच्या झिजेच्या निरनिराळ्या अवस्था अशा एकाच वेळी भाषेत नांदतात, आणि मूळ क्रियापदही ‘कविता म्हणून दाखव’ यात ठणठणीत असते.

हा प्रकार मराठीपुरता असता तर योगायोग म्हणता आला असता. तेलुगूत ‘अनि’, कन्नडात ‘एंदु’, नेपाळीत ‘भनेर’, बंगालीत ‘बोले’ : सगळ्यांचा मूळ अर्थ ‘म्हणून’, म्हणजे म्हणण्याची क्रिया करून. हैदराबादेकडच्या दखनीत ‘बोलके’ हेच काम करते. या भाषा एकमेकींच्या शेजारी शतकानुशतके राहिल्या, तेव्हा उसनवारी झाली असणार असे कोणी म्हणेल, आणि काही अंशी ते खरेही असेल. परंतु पश्चिम आफ्रिकेत, घाना व टोगो या देशांत, एवे नावाची भाषा बोलतात. तिच्यात ‘बे’ म्हणजे म्हणणे, आणि तोच ‘बे’ आपल्या ‘की’सारखा वाक्यजोड शब्द झाला आहे. तेथे मराठी किंवा तेलुगू शिकवायला कोणी गेले नव्हते. उलटा प्रवास, म्हणजे ‘आणि’ किंवा ‘में’ यांच्यासारख्या शब्दाचे पुन्हा भरभक्कम क्रियापद किंवा नाम होणे, मात्र क्वचितच आढळतो.

घरी करून पाहण्यासाठी एक शब्द देतो : ‘लागणे’. ‘भिंतीचा रंग सदऱ्याला लागला’, ‘मला भूक लागली’, ‘बाळ रडू लागले’, ‘मला जावे लागते’. प्रत्येक ठिकाणी ‘लागणे’च्या जागी ‘चिकटणे’ घालून पाहा, आणि वाक्य कोठे मोडते ते टिपून ठेवा.