नळीला वीतभर ढील

तानसा आणि भातसा ही मोठी धरणं शहापूर तालुक्यातच आहेत. त्यांचं पाणी मुंबईला जातं. पण उन्हाळा आला की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर विहिरींचा तळ दिसू लागतो. अशा वेळी आंब्याची कलमं ठिबक नळीवर जगतात. पण नळी किती आणायची? आधी हिशोब करू या.

समजा, तुमचं शेत 50 मीटर लांब आणि 40 मीटर रुंद आहे. म्हणजे सुमारे वीस गुंठे. कलमं पाच-पाच मीटरवर लावली आहेत. बांधापासून पहिलं झाड अडीच मीटरवर आहे. मग एका ओळीत 10 झाडं बसतात. अशा 8 ओळी होतात. एकूण झाडं 80.

आता हाताची बोटं पसरून पाहा. बोटं पाच, पण फटी चारच! तसंच ओळीत झाडं 10, तर मधली अंतरं 9. नऊ पाचे पंचेचाळीस. त्यात बांधाकडचे अडीच मीटर मिळवा. झाले साडेसत्तेचाळीस मीटर.

एका शेतकरी भावानं नेमकी एवढीच नळी आणली. भर दुपारी ती ताणून जोडली. उन्हात नळी लांबते, रात्री गारव्यानं आखडते. एवढ्या लांब नळीत वीतभर तरी फरक पडतो. पहाटे एका ओळीचा सांधा निसटला. टाकीतलं सगळं पाणी बांधालाच वाहून गेलं.

म्हणून दीड मीटर ढील ठेवा. टोक मुडपून बांधायला आणखी एक मीटर धरा. एका ओळीला 50 मीटर झाले. आठ ओळींना 400 मीटर. या आठ नळ्यांना पाणी देणारी मोठी नळी बांधाच्या कडेनं जाते. कोपऱ्यापासून ती साडेसदतीस मीटर लागते. टाकीपासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर वेगळं मोजा.

लहान कलमाला दोन तोट्या पुरतात, खोडाच्या दोन बाजूंना एकेक. 80 झाडांना 160 तोट्या लागतील. तोटी तासाला 4 लिटरची असेल, तर तासाला 640 लिटर पाणी लागेल.

पाणी नीट पडतं का, ते असं ओळखा. पहिल्या आणि शेवटच्या झाडाच्या तोटीखाली एकेक भांडं ठेवा. पंधरा मिनिटांत दोन्हींत एकेक लिटर पाणी जमलं पाहिजे. दोन्हींत कमी जमलं, तर दाब अपुरा आहे. फक्त शेवटच्यात कमी जमलं, तर नळीत गाळ साचला असेल. टोक सोडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या.

झाड मोठं झालं की मुळं दूर पसरतात. मग खोडापासून मीटरभर अंतरावर नळीचं कडं करून चार तोट्या लावतात. एका कड्याला सव्वासहा मीटर नळी लागते. 80 झाडांना 500 मीटर! तेव्हा तासाला 1280 लिटर पाणी लागेल. पंप तेवढं देत नसेल, तर आधी चार ओळी भिजवा, मग उरलेल्या चार.